दीड लाखाचं सर्टिफिकेट

२०२५च्या ऑगस्टमधला एक शुक्रवार. मिहानमधल्या आमच्या ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी चहा घेत बसले होते आणि मोबाइलवर पुण्याचा मेल आला. ऑफर लेटर! सध्याचा पगार महिना ६२,००० आणि समोर दिसणारा आकडा ८५,०००. मी स्क्रीन शेजारच्या मैत्रिणीला दाखवली. तिने आधी डोळे मोठे केले, मग एकच प्रश्न विचारला.

"अन् तुझ्या बॉण्डचं काय?"

चहा तिथेच गार झाला.

त्याच्या वर्षभर आधी, जून २०२४मध्ये, कंपनीने मला क्लाऊडच्या सर्टिफिकेशनसाठी स्पॉन्सर केलं होतं. अमेझॉनच्या क्लाऊडचं प्रोफेशनल लेव्हलचं सर्टिफिकेशन. चार दिवसांचं ट्रेनिंग आणि ३०० डॉलरची परीक्षा, दोन्ही कंपनीच्या खर्चाने. फक्त एका अॅग्रीमेंटवर सही करायची होती. एचआरच्या केबिनमध्ये सहा पानं माझ्यासमोर आली. "स्टँडर्ड आहे मॅडम, सगळेच करतात." मी प्रत्येक पानावर सही केली आणि पाच मिनिटांत बाहेर पडले. लक्षात राहिल्या त्या दोनच गोष्टी. दोन वर्षं आणि दीड लाख.

आता पुण्याची ऑफर हातात असताना मनात फक्त तो दीड लाख फिरत होता. माझ्या अकाउंटवर तेवढे पैसे नव्हते. शनिवारी संध्याकाळपर्यंत मी मनातल्या मनात पुण्याला नकार देऊनही टाकला होता. बॉण्ड एकदाही न वाचता!

आधी कागद तर शोध

घरी, मनीषनगरच्या फ्लॅटमध्ये, कपाट उलटंपालटं केलं. बॉण्ड सापडला नाही. सापडणार कसा? सहीनंतर कॉपी मी मागितलीच नव्हती. ही माझी पहिली चूक, आणि वाटतं त्यापेक्षा मोठी. ऑफर हातात असताना एचआरकडे बॉण्डची कॉपी मागणं म्हणजे "मी चालले" असा बोर्ड गळ्यात घालून फिरण्यासारखं आहे. सुदैवाने आमच्या एचआर पोर्टलवर 'माझी कागदपत्रं' असा एक कोपरा आहे. तिथे स्कॅन मिळाला.

रविवारी सकाळी प्रिंट घेऊन मी धरमपेठेत मावशीकडे गेले. माझा मावसभाऊ वकील आहे, सिव्हिल लाईन्सला जिल्हा न्यायालयात प्रॅक्टिस करतो. मावशीने तर्री-पोहे पुढे केले आणि दादाने पेन्सिल हातात घेतली.

"काहून एवढी घाबरून राहिली तू? वाचला का हा?"

"सही करताना चाळला होता."

"चाळला म्हणजे नाही वाचला. चल, आता वाचू. असल्या कागदात चारच जागा पाहायच्या असतात."

त्याने चार ठिकाणी गोल केले. आकडा, घड्याळ, उतार आणि कारण.

पहिला गोल : आकडा

माझ्या बॉण्डमध्ये लिहिलं होतं, "प्रशिक्षण, परीक्षा व अनुषंगिक खर्चापोटी रुपये १,५०,०००." हिशेब जोडलेला नव्हता. दादाने विचारलं, खरा खर्च किती झाला असेल? मी आठवून सांगितलं. परीक्षेचे ३०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने सुमारे २५,०००. ट्रेनिंग बाहेरच्या संस्थेने दिलं होतं. त्याचा माणशी दर ४७,००० होता, हे मला ठाऊक होतं, कारण बॅचचं अप्रूव्हल माझ्याच मेलवरून फिरलं होतं. एकूण ७२,०००. ट्रेनिंगवरचा जीएसटी वेगळा, पण अशा खर्चावरचा जीएसटी कंपनीला बहुतेक वेळा क्रेडिट म्हणून परत मिळतो, त्यामुळे तो यात धरायचा नाही.

म्हणजे खर्च ७२,००० आणि बॉण्ड दीड लाखाचा. मधले ७८,००० कसले? कागदावर उत्तर होतं "अनुषंगिक". जिथे आकड्याखाली हिशेब नसतो, तिथे वादाला जागा असते. आणि ती जागा तुमच्या बाजूची असते.

दुसरा गोल : घड्याळ

दोन वर्षं कधीपासून? माझा समज होता, ट्रेनिंग झालं जुलै २०२४मध्ये, म्हणजे जुलै २०२६ला मी मोकळी. कागद म्हणत होता, "सर्टिफिकेट प्राप्त झाल्याच्या दिनांकापासून २४ महिने." मी परीक्षा दोनदा पुढे ढकलली होती आणि सर्टिफिकेट मिळालं १४ सप्टेंबर २०२४ला. म्हणजे परीक्षा ढकलली तसतसा बॉण्डही पुढे सरकत गेला. तो अडीच महिन्यांचा उशीर माझ्याच खात्यात.

शिवाय एक छोटंसं वाक्य होतं, "नोटीस पीरियडचा काळ सेवाकाळात धरला जाणार नाही." आमचा नोटीस पीरियड ६० दिवसांचा. ऑगस्टच्या मध्याला राजीनामा दिला तर ऑक्टोबरच्या मध्याला सुटका. माझ्या हिशेबाने तोवर १३ महिने भरले असते आणि ११ उरले असते. कागदाच्या हिशेबाने भरलेले ११ आणि उरलेले १३. एका वाक्याने दोन महिने गायब!

तिसरा गोल : उतार

हा सगळ्यात महत्त्वाचा, असं दादाचं म्हणणं. बॉण्डची रक्कम दर महिन्याला कमी होते का? चांगल्या अॅग्रीमेंटमध्ये स्वच्छ लिहिलेलं असतं की, जितके महिने काम केलं त्या प्रमाणात रक्कम कमी होत जाईल. म्हणजे २४पैकी १२ महिने झाले की निम्मीच उरते. माझ्या बॉण्डमध्ये असं काही नव्हतं. पहिल्या दिवशी सोडलं तरी दीड लाख आणि तेवीस महिने २९ दिवसांनी सोडलं तरी दीड लाख.

"हे वाक्य नाही, हेच तुझं काम करणार आहे," दादा म्हणाला. ते कसं, ते पुढे येतंच.

चौथा गोल : कारण

पैसे कोणत्या परिस्थितीत द्यायचे? मी राजीनामा दिला तर, एवढंच असेल तर ठीक. माझ्या कागदावर होतं, "कोणत्याही कारणाने सेवा संपुष्टात आल्यास." म्हणजे कंपनीने प्रोजेक्ट नाही म्हणून मला घरी बसवलं तरी सर्टिफिकेटचे पैसे मीच द्यायचे! हे मला लागू होणार नव्हतं, मी स्वतःच निघाले होते. पण सही करणाऱ्याने हे वाक्य खोडून घ्यायला हवं. "कर्मचाऱ्याने स्वेच्छेने राजीनामा दिल्यास किंवा गैरवर्तनामुळे काढल्यास" एवढंच राहू द्यावं. सहीच्या दिवशी हा बदल मागणं सोपं असतं, कारण तेव्हा ट्रेनिंगची गरज कंपनीलाही असते.

कोर्ट काय म्हणतं?

कॅन्टीनमध्ये बॉण्डबद्दल दोनच मतं ऐकायला मिळतात. एक गट म्हणतो, "बॉण्ड-बिंड काही नसतं रे, भारतात चालतच नाही." दुसरा म्हणतो, "पोलीस येतात घरी." दोन्ही चूक. बॉण्ड मोडणं हा गुन्हा नाही, तो दिवाणी वाद आहे. कोर्ट तुम्हाला खुर्चीला बांधून काम करायला लावत नाही. पण पैसे द्यायला लावू शकतं. प्रश्न इतकाच, की किती?

दादाने दोन निकाल सांगितले. दोन्ही दोन लाखांच्या बॉण्डचे, पण शेवट अगदी वेगळा.

पहिला दिल्ली हायकोर्टाचा, २०११चा, सिक्पा इंडिया या कंपनीचा. कर्मचाऱ्याने तीन वर्षं राहण्याचा दोन लाखांचा बॉण्ड दिला होता आणि दोन वर्षांनी नोकरी सोडली. कंपनीने दोन लाख मागितले. पण ट्रेनिंगवर झालेला खर्च निघाला ६७,५९६ रुपये. तीनपैकी दोन वर्षं काम झालेलं, एक वर्ष उरलेलं. म्हणून खालच्या कोर्टाने खर्चाचा एक तृतीयांश भाग द्यायला सांगितला, २२,५३२ रुपये. कंपनी हायकोर्टात गेली, पण आकडा वाढला नाही.

यामागे आहे १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम ७४. करार मोडल्यावर द्यायची रक्कम आधीच लिहून ठेवली असेल, तर तो आकडा म्हणजे कमाल मर्यादा. त्याच्या आत जी भरपाई वाजवी असेल ती मिळते. छापलेला आकडा आपोआप मिळेलच असं नाही. जिथे प्रत्यक्ष नुकसान मोजता येतं, तिथे कोर्ट ते मोजून बघतं.

मी खूश झाले. दादाने लगेच जमिनीवर आणलं.

"थांब, दुसरा ऐक. हा तर सुप्रीम कोर्टाचा आहे."

विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे, निकाल १४ मे २०२५. बँकेने अधिकारी भरतीच्या जाहिरातीतच अट घातली होती. तीन वर्षांच्या आत सोडलं तर दोन लाख. हे अधिकारी २००७मध्ये सीनियर मॅनेजर म्हणून रुजू झाले आणि २००९मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी राजीनामा दिला. दोन लाख त्यांनी निषेध नोंदवून भरले आणि मग कोर्टात गेले. कर्नाटक हायकोर्टात जिंकले. पण सुप्रीम कोर्टाने निकाल फिरवला आणि अट वैध ठरवली. (ती विजया बँकसुद्धा आता राहिली नाही, २०१९मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली.)

कोर्टाचं म्हणणं असं होतं, की ही अट नोकरी चालू असतानाच्या काळापुरती आहे, ती पुढचा रोजगार अडवत नाही. सरकारी बँकेला जागा भरायची तर जाहीर भरतीची लांबलचक आणि खर्चिक प्रक्रिया पुन्हा करावी लागते. आणि त्या हुद्द्याच्या पगाराच्या मानाने दोन लाख ही रक्कम राजीनामा अशक्य करून टाकण्याइतकी मोठी नाही.

म्हणजे "बॉण्ड चालतच नाही" हे मत त्या दिवशी कायमचं बाद झालं. पण याच निकालात नोकरदारांच्या उपयोगाचंही एक वाक्य आहे. छापील, एकतर्फी तयार केलेल्या नोकरीच्या करारात दोन्ही बाजूंची ताकद सारखी नसते, म्हणून अशी अट वाजवी आहे हे दाखवण्याची जबाबदारी मालकावर आहे.

आता माझा बॉण्ड या दोन टोकांच्या मध्ये ठेवून पाहा. माझी कंपनी सरकारी बँक नाही, जाहीर भरतीचा प्रश्न नाही. माझा बॉण्ड ट्रेनिंगच्या खर्चापोटी आहे, असं तो स्वतःच सांगतो. म्हणजे तो दिल्लीच्या प्रकरणाच्या जास्त जवळ जातो. पण 'जास्त जवळ' म्हणजे 'नक्की' नव्हे, हेही दादाने तीनदा सांगितलं.

पेन्सिलीचा हिशेब

मग आम्ही मावशीच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर गणित मांडलं.

खरा खर्च ७२,०००. भागिले २४ महिने, म्हणजे महिन्याला ३,०००. उरलेले ११ महिने, म्हणजे ३३,०००. हा माझ्या बाजूचा तळ.

छापील आकडा १,५०,०००. हा कंपनीच्या बाजूचा कळस.

मधला रस्ता म्हणजे छापील आकड्यालाच महिन्यांनी भागायचं. दीड लाख भागिले २४, महिन्याला ६,२५०. नोटीस पीरियड न धरता उरलेले १३ महिने, म्हणजे ८१,२५०.

म्हणजे भीती दीड लाखाची होती, पण वाद खरं तर ३३,००० ते ८१,००० याच्या दरम्यान होता. हे कळल्यावर पहिल्यांदा मला नीट झोप लागली.

"मॅडम, तुम्ही थांबाच!"

सोमवारी बॉसला सांगितलं. मंगळवारी एचआरने बोलावलं. मला वाटलं होतं धमकी मिळेल. मिळाली मिठाई! महिना ८,००० वाढ, शिवाय सिक्युरिटीचं आणखी एक सर्टिफिकेशन कंपनीच्या खर्चाने. "पुण्याला जाऊन भाडं भरण्यापेक्षा घरच्या पोळ्या खा," असंही वर.

आणि हिशेब करून पाहिला तर त्यांचं फारसं चुकत नव्हतं. पुण्यात पीजीचे १२,००० गेले तर ८५,०००चे ७३,००० उरणार. इथे घरी राहून ७०,०००. फरक तीन हजारांचा. बॉण्डचे पैसे भरायला नकोत ते वेगळंच. मी जवळजवळ हो म्हणाले होते.

पण या वेळी मी पाच मिनिटांत सही केली नाही. कागद घरी नेला आणि आधी ते चार गोल शोधले. नवा बॉण्ड दोन लाखांचा, पुन्हा सर्टिफिकेटच्या तारखेपासून २४ महिने. मग मी जुना बॉण्ड शेजारी ठेवला आणि त्यातलं कलम चार वाचलं. यावर आमची पेन्सिल त्या रविवारी थांबलीच नव्हती, कारण तेव्हा दुसऱ्या ट्रेनिंगचा विषयच नव्हता. त्यात लिहिलं होतं, "कर्मचाऱ्याने आणखी प्रायोजित प्रशिक्षण घेतल्यास सर्व सेवाकाळ एकापुढे एक मोजले जातील."

एकापुढे एक! दोन्ही बॉण्ड एकाच वेळी सरणार नाहीत. पहिला संपणार सप्टेंबर २०२६मध्ये, मग दुसऱ्याचे २४ महिने सुरू होणार. म्हणजे मी बांधलेली राहणार सप्टेंबर २०२८पर्यंत. गंमत म्हणजे ज्या सर्टिफिकेटसाठी मी पहिली सही केली, त्याचीच मुदत तीन वर्षांची, ती संपणार सप्टेंबर २०२७मध्ये. सर्टिफिकेट शिळं होणार, बॉण्ड ताजाच!

मी एचआरला सरळ विचारलं, वाढ द्या, पण दुसरं सर्टिफिकेशन नको. उत्तर आलं, वाढ "पॅकेज"चा भाग आहे, वेगळी देता येणार नाही. म्हणजे ते ८,००० पगारवाढ नव्हतेच. ती पुढची तीन वर्षं न हलण्याची किंमत होती. काही जणांना ती परवडेल. ज्याला नागपुरातच राहायचं आहे, घराचं लोन आहे, त्याने जरूर घ्यावी, पण तीन वर्षांसाठी ८,००० पुरेसे आहेत का हे विचारून. मला पुण्याचं काम हवं होतं, तिथे आर्किटेक्टचा रोल होता. तीन हजारांचा फरक नावापुरता होता, पण २०२८पर्यंतची साखळी नावापुरती नव्हती.

मी राजीनामा दिला.

एक लाख सत्त्याहत्तर हजार

चार दिवसांत एचआरचा मेल आला. बॉण्डचे १,५०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २७,०००. एकूण १,७७,०००, फुल अँड फायनलमधून वळते होतील, उरलेले भरावेत, त्यानंतरच रिलीव्हिंग लेटर.

जीएसटी? दादा हसला. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाचं ३ ऑगस्ट २०२२चं परिपत्रक आहे, क्रमांक १७८. त्यात अगदी हेच उदाहरण दिलं आहे. ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडल्यामुळे कर्मचाऱ्याने भरलेली बॉण्डची रक्कम ही कुठल्या सेवेची किंमत नाही, म्हणून तिच्यावर जीएसटी नाही. मी परिपत्रकाचा क्रमांक आणि तारीख टाकून दोन ओळींचं उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी २७,००० गायब. कोणी सॉरी म्हटलं नाही, पण आकडा गेला.

मग मी दुसरा मेल लिहिला. भांडणाचा नाही, हिशेबाचा. चार मुद्दे होते. मी करार मान्य करते आणि वाजवी रक्कम द्यायला तयार आहे. ट्रेनिंगचं आणि परीक्षेचं बिल मला दाखवावं. माझ्या माहितीप्रमाणे खर्च ७२,००० आहे आणि २४पैकी १३ महिने मी काम केलेलं असेल, म्हणून मी ३३,००० देते. आणि रक्कम ठरल्यावर फुल अँड फायनल आणि रिलीव्हिंग लेटर एकाच दिवशी मिळावं.

बिल त्यांनी शेवटपर्यंत दाखवलं नाही. पण फोन आला. त्यांनी मधल्या रस्त्याने ८१,२५० म्हटलं. मी बिल मागितलं. त्यांनी ६०,००० म्हटलं. मी पुन्हा बिल मागितलं. शेवटी ४५,०००वर गाडी थांबली.

तुम्ही विचाराल, तळ ३३,०००चा होता तर ४५,००० का दिले? कारण कोर्टात जिंकण्याची शक्यता आणि १५ ऑक्टोबरला हातात असलेलं रिलीव्हिंग लेटर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्या कंपनीला जॉइनिंगच्या दिवशी ते लेटर हवं होतं. अशा वादात कंपनीच्या हातातली खरी दोरी कोर्ट नसतं, हा एक कागद असतो. जादाचे १२,००० मी त्या कागदासाठी मोजले, आणि डोळे उघडे ठेवून मोजले.

एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. पैसे कापण्याआधी मेलवर लिहून घेतलं की, "४५,००० ही बॉण्डपोटी पूर्ण व अंतिम रक्कम आहे, यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही." हे वाक्य नसेल तर सहा महिन्यांनी उरलेल्या १,०५,०००ची नोटीस येऊ शकते. आणि पीएफचा यात संबंध नाही. तो तुमच्या यूएएनवर असतो, बॉण्डपोटी कंपनी त्याला हात लावू शकत नाही, कोणी तसं म्हटलं तर घाबरू नका.

शेवटच्या आठवड्यात आणखी एक काम केलं. माझं सर्टिफिकेट ऑफिसच्या ईमेलवर नोंदवलेलं होतं. ऑफिसचा मेल बंद झाला की तिथे लॉगिन करणं अवघड. सर्टिफिकेट नावाने माझं, पण किल्ली कंपनीच्या दारात! मेल चालू होता तोवरच मी तो बदलून स्वतःचा टाकला.

चेक आणि स्पर्धक

माझ्या बॉण्डमध्ये नव्हत्या, पण मित्रांच्या कागदांत सापडलेल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात.

एक, सही केलेला कोरा चेक. काही ठिकाणी बॉण्डसोबत तो 'सिक्युरिटी' म्हणून मागतात. देऊ नका. बॉण्ड हा दिवाणी वाद असतो, पण चेक न वटल्याची केस कलम १३८खाली फौजदारी कोर्टात चालते. एका चेकने तुम्ही स्वतःहून मैदान बदलून देता.

दोन, "उरलेल्या मुदतीत स्पर्धक कंपनीत काम करणार नाही" हे वाक्य. नोकरी आणि कराराची मुदत दोन्ही संपल्यावर अशी बंदी करार कायद्याच्या कलम २७मुळे सहसा टिकत नाही. पण कराराची मुदत शिल्लक असताना ती टिकू शकते, आणि याचं जुनं उदाहरण आपल्या कल्याणचं आहे. तिथल्या सेंच्युरीच्या टायर कॉर्ड कारखान्यात निरंजन गोळीकरी यांनी १९६३मध्ये शिफ्ट सुपरवायझर म्हणून पाच वर्षांचा करार केला, कंपनीकडून ट्रेनिंग घेतलं आणि पुढच्याच वर्षी जास्त पगारावर कोट्याच्या प्रतिस्पर्धी कारखान्यात गेले. १९६७मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांच्यावरची बंदी कायम ठेवली, मार्च १९६८पर्यंत, म्हणजे त्यांच्या पाच वर्षांच्या मुदतीपुरती. म्हणून बॉण्डमध्ये फक्त पैशांची अट आहे की "काम करणार नाही" अशीही आहे, हे वेगळं तपासा. पहिली पैशाने सुटते, दुसरी सुटेलच असं नाही.

पुण्याची पहिली सही

जाताना एक मजा झाली. पुण्याच्या कंपनीने, बॉण्डचे पैसे भरावे लागतील म्हणून, ५०,००० जॉइनिंग बोनस देऊ केला. आईने देवापुढे साखर ठेवली. मी लेटरचं तिसरं पान उघडलं. "१२ महिन्यांच्या आत सोडल्यास बोनसची संपूर्ण रक्कम परत करावी लागेल." म्हणजे जुना बॉण्ड फेडायला नवा बॉण्ड! आणि बोनस हातात येताना टीडीएस कापून येतो, परत मागताना मात्र पूर्ण आकडा मागतात.

मी एक मेल टाकला. "संपूर्ण रक्कम" ऐवजी "उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात" आणि "स्वेच्छेने सोडल्यास" असं करता येईल का? तासाभरात उत्तर आलं, "शुअर." दोन वाक्यं बदललेलं लेटर आलं. विचारायला एवढा वेळ लागला, जेवढा मला एचआरच्या केबिनमध्ये सहा पानांवर सह्या करायला लागला होता.

दादाला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "वा! आता शिकली तू. फीस पाठव माझी."

"किती?"

"लिहून देतो. आधी वाच, मग सही कर."